त्यांच्याच हिशेबाने १३,४०० रुपये निघतात, ते आधी मागा

ताई, पुण्यातल्या एका खासगी कंपनीत तीन वर्षं चार महिने काम केलं. २ जानेवारीला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची होती, पण साहेबांनी ३१ जानेवारीला मोकळं करतो असं मेलवर लिहून दिलं. त्या दिवशी एचआरने लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. आता मार्च अर्धा सरला. एचआर म्हणतं, ३० दिवसांची नोटीस कमी भरली, ४८,००० रुपये भरा, तोवर अनुभवपत्र नाही आणि फुल अँड फायनलही नाही. जानेवारीचा पगारसुद्धा अडकवलाय. नव्या कंपनीने रिलीव्हिंग लेटरसाठी १५ एप्रिलची मुदत दिली आहे. पैसे भरून मोकळी होऊ का? सोबत नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि मेल पाठवतेय.
— एक वाचक, पुणे

नमस्कार.

नका भरू. निदान आत्ता तरी नका. कागद सोबत पाठवलेत ते बरं केलंत, कारण उत्तर त्यांतच आहे.

कंपनीने तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारून ठेवली आहे: तुमचा पगार, त्यांची नोटीसची वसुली आणि अनुभवपत्र. गाठ जितकी घट्ट तितका दबाव जास्त, हे एचआरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी हिशेब सुटा करू.

तुमच्या स्लिपनुसार एकूण पगार ४८,००० आणि त्यात मूळ वेतन २४,०००. जानेवारी पूर्ण भरला आहे, म्हणजे ४८,००० येणं. शिल्लक रजा १५ दिवस. तुमच्या नेमणूकपत्रात रजेचे पैसे मूळ वेतनावर, महिन्याचे ३० दिवस धरून द्यायचे असं लिहिलंय, म्हणजे दिवसाला ८०० रुपये आणि एकूण १२,०००. मंजूर झालेलं प्रवास बिल ३,४००. सगळं मिळून ६३,४००. त्यातून जानेवारीची प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केले की ६१,४०० उरतात.

आता कंपनीचं म्हणणं अक्षरशः खरं धरू. नोटीसचे ४८,००० कापले तरी १३,४०० रुपये तुम्हाला देणं निघतं. म्हणजे तुम्ही त्यांना काही भरायचा प्रश्नच नाही, उलट त्यांनीच तुम्हाला द्यायचे आहेत. ‘४८,००० भरा’ म्हणताना एचआरने तुमच्या येण्याची बाजू कोरी ठेवली. अशा प्रकरणांत हे इतक्या वेळा दिसतं की आता मी पहिला प्रश्न हाच विचारते: त्यांनी फुल अँड फायनलचा तक्ता लेखी दिलाय का? बहुतेक वेळा दिलेला नसतो. तोंडी आकडा सांगितलेला असतो, आणि माणूस घाबरून तोच आकडा खरा धरून बसतो.

पुढची गोष्ट नेमणूकपत्रातली. नोटीसच्या कलमात ‘६० दिवसांची नोटीस किंवा त्याबदल्यात तेवढ्या दिवसांचं मूळ वेतन’ असं लिहिलंय. मूळ वेतन, एकूण पगार नव्हे. ३० दिवसांचं मूळ वेतन २४,००० होतं. म्हणजे नोटीस खरोखर कमी पडली असं मानलं तरी कपात २४,००० ची, आणि तुमच्या हातात ३७,४०० यायला हवेत. एचआरने एकूण पगार धरून आकडा दुप्पट केला आहे. मुद्दाम की निष्काळजीपणाने, ते ठरवत बसू नका, कलमाचा क्रमांक देऊन आकडा दुरुस्त करायला सांगा.

आणि साहेबांचा मेल? त्यात ‘३१ तारखेला मोकळं करायला माझी हरकत नाही, एचआरला कळवतो’ असं आहे आणि एचआरला प्रत आहे. एचआर आता म्हणेल की नोटीस माफ करायचा अधिकार त्यांना नव्हता. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, म्हणून शंभर टक्के जिंकाल असं मी म्हणणार नाही. पण प्रत मिळूनही एचआरने हरकत घेतली नाही, ३१ तारखेला लॅपटॉप घेतला, ओळखपत्र घेतलं, त्याच संध्याकाळी मेल बंद केला. नोटीस चालू आहे असं ज्यांना वाटतं ते माणसाचं काम बंद करत नाहीत. हे वागणं तुमच्या बाजूने बोलतं. ते मान्य झालं तर कपात शून्य आणि ६१,४०० तुमचे.

म्हणजे भांडण आहे ते १३,४०० पासून ६१,४०० पर्यंतच्या मधल्या रकमेचं. खालचे १३,४०० त्यांच्याच हिशेबाने वादाबाहेर आहेत, आणि ते तरी का रोखले याला त्यांच्याकडे उत्तर नाही. पहिल्या पत्रात नेमकं इथेच बोट ठेवायचं.

कायदा काय म्हणतो? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं. ‘आमच्या पॉलिसीत ४५ दिवस आहेत’ हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं असेल. कंपनीची पॉलिसी कायद्याच्या वर नसते. पूर्वीच्या वेतन प्रदान अधिनियमात महिना २४,००० च्या वर पगार असलेली माणसं बाहेर पडायची आणि तुमच्यासारख्यांना दिवाणी कोर्टाशिवाय वाट नसायची. संहितेत ही पगाराची मर्यादा नाही आणि पर्यवेक्षक, व्यवस्थापकही ‘कर्मचारी’ आहेत. तुमच्या बाबतीत मोठा फरक पडलाय तो इथे. फक्त एक लक्षात ठेवा: दोन दिवसांची मुदत वेतनाला आहे. रजेचे पैसे आणि प्रवास बिल यांचा आधार तुमचं नेमणूकपत्र आणि कंपनीचे नियम. म्हणून मागणीत तिन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकत्र बेरीज करून ‘माझा पगार’ म्हणू नका.

अनुभवपत्राबाबत मात्र तुम्हाला न आवडणारं सांगावं लागेल. कारखान्यातल्या कामगारांसाठी स्थायी आदेशांत सेवा प्रमाणपत्राची तरतूद असते. तुमच्यासारख्या कार्यालयीन पदावरच्या माणसासाठी ‘इतक्या दिवसांत अनुभवपत्र द्याच’ असं सरळ कलम दाखवणं अवघड आहे. तुमचा आधार म्हणजे कंपनीचं स्वतःचं एचआर धोरण आणि तुमच्यानंतर-आधी सोडून गेलेल्यांना दिलेली पत्रं. आणि वेतनाचे दावे ऐकणारा अधिकारी पैशांबद्दल आदेश देतो, पत्र लिहून द्या असा आदेश त्याच्याकडून मिळेल हे गृहीत धरू नका. पत्र बहुतेक वेळा तडजोडीत सुटतं: कंपनीला पैशांचा दावा मागे लागायला नको असतो, तुम्हाला कागद हवा असतो. म्हणून पैशांचा दावा नीट उभा करणं हाच पत्र मिळवण्याचा खरा रस्ता आहे.

पण १५ एप्रिल तुमच्या डोक्यावर आहे, तेव्हा आधी नव्या कंपनीशी बोला. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीकडून त्यांना कळायच्या आत, तुमच्याकडून कळू दे. रिलीव्हिंग लेटर नसलेला उमेदवार त्यांच्यासाठी नवा नाही. त्यांना दोनच गोष्टींची खात्री हवी असते: तुम्ही तिथे खरंच होता का, आणि आता तिथून सुटला आहात का. पहिल्याचं उत्तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ यांतून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर राजीनाम्याचा मेल, साहेबांचं उत्तर आणि लॅपटॉप जमा केल्याची पावती यांतून.

याखेरीज एक कागद असा आहे ज्यावर जुन्या कंपनीची मेहेरबानी लागत नाही. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर तुमच्या यूएएनने लॉग इन करा आणि View या यादीतलं Service History उघडा. कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख तिथे असते. त्याची प्रत काढा, पासबुकही उतरवून घ्या. बाहेर पडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की Manage मधल्या Mark Exit वर जाऊन ती तुम्ही स्वतः भरू शकता, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख ३१ जानेवारीच टाका. राजीनाम्यात एक, पोर्टलवर दुसरी अशी तारखांची फारकत झाली की तपासणारा अडतो. तुमच्या बाबतीत हे एप्रिलशिवाय जमणार नाही, पण नव्या एचआरला ‘एप्रिलमध्ये ही नोंद मी स्वतः करणार आहे’ असं आत्ता लिहून ठेवता येतं.

मेल साधा ठेवा. जुन्या कंपनीने कसा छळ केला ते नव्या कंपनीला सांगायचं नाही. ‘नोटीसच्या रकमेवरून हिशेबाचा वाद चालू आहे, त्यामुळे पत्र आलेलं नाही, सोबत हे पुरावे आहेत, पत्र आल्यावर देईन’ एवढं पुरे. बऱ्याच कंपन्या अशा वेळी हमीपत्र घेतात आणि मुदत वाढवतात. त्यांनी ठाम नकार दिला तर मात्र आकडेमोड बदलते, त्याबद्दल शेवटी सांगते.

अशा वेळी कोणीतरी ओळखीचा ‘पाच हजारांत अनुभवपत्र बनवून देतो’ म्हणतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. खऱ्या अनुभवावर खोटा कागद लावला की खरा अनुभवही खोटा ठरतो, आणि तेव्हा जुन्या कंपनीला काही करावंच लागत नाही.

आता जुन्या कंपनीला पत्र. एचआर प्रमुख आणि पगार विभाग दोघांना मेल, साहेबांना प्रत. कंपनीचा कारभार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, मजकूर असा असू दे:

‘मी २ जानेवारीला राजीनामा दिला आणि ३१ जानेवारीला आपण माझा लॅपटॉप व ओळखपत्र जमा करून मला मोकळं केलं. माझा जानेवारीचा पगार, १५ दिवसांच्या रजेचे पैसे आणि मंजूर प्रवास बिल अजून मिळालेलं नाही. आपण सांगितलेली ४८,००० ची वसुली मला मान्य नाही. नोटीसच्या कलमात मूळ वेतन म्हटलं आहे, एकूण पगार नाही, आणि सोडण्याची तारीख आपल्या संमतीने ठरली होती. तरीही आपला आकडा घेतला तर आपल्याकडून मला १३,४०० रुपये येणं निघतं. कृपया सात दिवसांत अंतिम हिशेबाचा लेखी तक्ता द्यावा, वादात नसलेली रक्कम जमा करावी आणि अनुभवपत्र द्यावं. उरलेल्या रकमेचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.’

एवढंच. ‘कोर्टात खेचीन’, ‘सोशल मीडियावर टाकीन’ असलं काही नको, आणि तीन पानांची कैफियतही नको. हा मेल उद्या एखादा सरकारी अधिकारी वाचेल, त्याला दोन मिनिटांत विषय कळला पाहिजे. तोच मजकूर छापून, सही करून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच झाल्याचा पुरावा जपा. तो पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने सापडतो. तुम्ही जिथे बसत होता तो पत्ता वेगळा असू शकतो.

उत्तरात कुठे ‘फरार’ किंवा ‘न कळवता गैरहजर’ असा शब्द आला, तर त्याच दिवशी लेखी नाकारा आणि लॅपटॉपची पावती जोडा. हा शिक्का पार्श्वभूमी तपासणीत पैशांपेक्षा जास्त नुकसान करतो, आणि गप्प राहिलात तर तो चिकटतो.

सात दिवसांत काही हाललं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय. तुमची कंपनी खासगी सेवाक्षेत्रातली, म्हणजे राज्य सरकारचं जिल्ह्याचं कार्यालय. (बँक किंवा विमा कंपनीतल्या वाचकांनी केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जायचं.) तिथे आधी साधी लेखी तक्रार द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. अधिकारी कंपनीला बोलावणं धाडतो. त्या एका पत्राने अनेक प्रकरणं मिटतात, कारण ज्या एचआरच्या बाई तुमचा फोन उचलत नव्हत्या त्यांना आता कागद घेऊन हजर राहायचं असतं आणि ४८,००० चा आकडा कुठून काढला हे सांगायचं असतं.

मिटलं नाही तर संहितेच्या कलम ४५ खाली रीतसर दावा. मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा धावपळीत चुकीचा अर्ज करण्यापेक्षा आठवडाभर थांबून नीट करा. वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. देय रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, ती वरची मर्यादा आहे, ठरलेला दर नाही. तडजोडीच्या बोलण्यात मात्र तिचा धाक उपयोगी पडतो. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला.

वकील लावायचा का? ४८,००० च्या वादात नोटिशीवर आणि तारखांवर दहा-पंधरा हजार घालवण्यात अर्थ नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करून विचारा. ‘सरळ दिवाळखोरी न्यायाधिकरणात जा’ असं कोणी सुचवलं तर ऐकून सोडून द्या, तिथे किमान थकबाकी एक कोटीची लागते. ग्राहक आयोगही तुमचा नाही, नोकरी ही ग्राहक सेवा नव्हे. पोलीस ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील.

तुमच्या नेमणूकपत्रात बाँड नाही, हे तुमचं सुदैव. ज्यांच्यात आहे त्यांनी माझं हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये. ठरावीक वर्षं नोकरी करायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरायची ही अट दरवेळी बेकायदा नसते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची आणि दोन लाखांची अशीच अट वैध ठरवली. अर्थात अट वैध असली तरी कंपनी पैसे मागू शकते, मनाविरुद्ध कामावर बसवून ठेवू शकत नाही.

आता तो शेवटचा मुद्दा. नव्या कंपनीने कुठलाच पर्यायी पुरावा मानला नाही, मुदतही वाढवली नाही आणि ती नोकरी खरोखर हातची घालवण्यासारखी नसेल, तर तडजोड करायला हरकत नाही. पण ४८,००० भरून नाही. त्यांना सांगा, येणं असलेल्या रकमेतून २४,००० कापून ३७,४०० जमा करा आणि पत्र द्या. अगदीच अडलं तर त्यांची ४८,००० ची कपात ‘हरकत नोंदवून’ होऊ द्या आणि १३,४०० घ्या, फरकाचा दावा तीन वर्षं खुला राहतो. खिशातून एक रुपयाही द्यायचा नाही, हे मात्र शेवटपर्यंत धरून ठेवा.

तेव्हा एचआर तुमच्यापुढे एक कागद सरकवेल: ‘सर्व रक्कम मिळाली, यापुढे माझा कोणताही दावा नाही.’ पैसे खात्यात दिसेपर्यंत आणि पत्र हातात येईपर्यंत त्यावर सही करू नका. ‘सही केली की दोन दिवसांत मेल करतो’ म्हणतील, तरी नाही. फरकाचा दावा ठेवायचा असेल तर ते वाक्य खोडून ‘१३,४०० रुपये हरकत राखून मिळाले’ असं हाताने लिहा आणि तशा प्रतीचा फोटो काढा. खोडू देत नसतील, तर फरकावर पाणी सोडून पत्र घ्यायचं की नाही याचा निर्णय तिथे टेबलावर नाही, घरी येऊन घ्या.

आणि पत्र आलं की तिथल्या तिथे तीन जागा तपासा: पदनाम शेवटच्या बढतीनंतरचं आहे का, रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी जुळते का, आणि सोडल्याची तारीख ३१ जानेवारी आहे का. ‘नोटीस अपूर्ण’ असा शेरा घातला असेल तर तो काढून नवं पत्र मागा.